मार्गशीर्षातल्या गुरुवारची लक्ष्मी: कलश असा सजवा की आरतीपर्यंत हलणार नाही

नागपुरात "महालक्ष्म्या" म्हटलं की भाद्रपदातल्या ज्येष्ठा-कनिष्ठा डोळ्यांपुढे येतात. त्यांना लोखंडी नाहीतर मातीच्या कोठ्या असतात, आत धान्य भरलेलं असतं, म्हणून पूर्ण नऊवारी नेसवली तरी त्या ढळत नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारची लक्ष्मी वेगळी. तिचा देह म्हणजे पाण्याने भरलेला एक कलश आणि डोकं म्हणजे त्याच्या तोंडावर नुसता टेकवलेला अर्ध्या किलोचा नारळ. पहिल्यांदा व्रत धरणाऱ्या घरी साडी, नथ, मुकुट सगळं हौसेने आणलं जातं आणि दुपारपर्यंत देवी पुढे झुकलेली दिसते. सजावट कमी पडली म्हणून हे होत नाही. अंगावर घातलेल्या वस्तूंचं वजन कलशावर न जाता नारळावर गेलं म्हणून होतं.

त्यामुळे खालच्या सगळ्या कृतीत एकच गोष्ट सांभाळायची आहे. नारळाने फक्त स्वतःचं आणि मुखवट्याचं वजन पेलायचं. साडी, हार, मंगळसूत्र, पदर हे सगळं कलशाच्या गळ्याने पेलायचं.

मापं समजायला सोपी जावीत म्हणून एकच उदाहरण धरू. साधारण एक लिटरचा तांब्याचा कलश, उंची १५ सेंमी, पोटाचा व्यास १२ सेंमी, गळ्याचा घेर २२ सेंमी आणि तोंड ८ सेंमी रुंद. तुमच्याकडचा गडवा लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला. मात्र त्याला गळा हवाच. सरळसोट तांब्याला नाडा बांधला तर तो घसरून खाली येतो. इतवारीच्या भांडे ओळीत कलश घेताना गळ्याभोवती बोट फिरवून बघा. बोट खाचेत बसलं तर नाडाही बसेल.

नारळ आणि पानं

नारळ शेंडीचा घ्या. सोललेला, पण शेंडी ५-६ सेंमी ठेवलेली. हलवून पाणी वाजतं का पाहा. तडा, ओलसर डाग किंवा शेंडीच्या मुळाशी बुरशीचा वास असेल तर तो नको. आपल्याकडे नारळ बाहेरून येतो आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत सोललेला नारळ आठवडाभर घरात ठेवला तरी तडकू शकतो. बुधवारी आणा, फार तर मंगळवारी. सगळे गुरुवार एकच नारळ वापरायची रीत असेल तर मधल्या दिवसांत तो ओलसर फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि मांडण्याआधी पुन्हा वाजवून बघा.

आकाराचा हिशेब असा: नारळाचा व्यास कलशाच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंमीच मोठा असावा. आपल्या ८ सेंमीच्या तोंडाला साडेदहा सेंमीचा नारळ नेमका बसतो, तो दीड-दोन सेंमी आत जातो. नारळ याहून बराच मोठा असेल तर तो काठावर नुसता तरंगल्यासारखा राहतो आणि कुठूनही धक्का लागला की फिरतो. दुकानात जाताना तोंडाच्या मापाची कागदाची चकती कापून न्या.

नारळाच्या अंगावर शेंडीपासून खाली उतरणाऱ्या तीन उभ्या कडा असतात, बोटाला लगेच जाणवतात. त्यामुळे नारळाचे तीन भाग पडतात आणि त्यातला एक बाकी दोघांपेक्षा रुंद असतो. तो रुंद भाग समोर येऊ द्या. कड समोर आली तर मुखवटा तिच्यावर डुगडुगतो, मग दोरी कितीही ओढून बांधा, चेहरा एका बाजूला कलतोच.

मुखवटा लावायचा नसेल तर नारळालाच हळद लावून त्यावर कुंकवाने डोळे, नाक, ओठ काढतात. आधी सुरीच्या बोथट बाजूने सैल तंतू खरवडून काढा. दोन चमचे हळदीला जेमतेम एक चमचा पाणी, म्हणजे लेप बोटावरून ओघळणार नाही इतका घट्ट. पातळ झाला तर तंतूंमध्ये शिरतो आणि नारळ पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. थंडीत वाळायला वेळ लागतो, म्हणून हे बुधवारी रात्रीच करून ठेवा. आणखी एक: नारळ साबणाने किंवा सोड्याने धुऊ नका. हळदीला खार लागला की ती लाल पडते आणि देवीच्या गालावर तांबडे डाग उमटतात. हळदीपासून कुंकू करताना हाच गुण कामी येतो, इथे मात्र तो नको असतो. साध्या पाण्याने पुसलेला नारळ पुरे.

पानं आंब्याची. काही घरांत पाच झाडांच्या डहाळ्या लावतात. तुमच्या घरची जी रीत असेल ती ठेवा, मांडणीत फरक पडत नाही. या दिवसांत आंब्याला कोवळी पालवी सहसा मिळत नाही, पानं जून, कडक आणि धुळीने माखलेली असतात. दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसा. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमध्ये फुलांबरोबर डहाळ्याही मिळतात. सुटी पानं घेण्यापेक्षा पाच किंवा सात पानांची एक डहाळी घ्या. सुट्या पानाचा देठ दोन-तीन सेंमीचा, तो पाण्यापर्यंत पोचतच नाही आणि संध्याकाळी पानं मान टाकतात. सुटीच पानं असतील तर देठासकट पानाचा खालचा भागही सहा सेंमी आत जाऊ द्या.

ताज्या तोडलेल्या देठातून चीक येतो. तो कपड्यावर पडला तर डाग राहतो, काहींच्या हाताला खाजही सुटते. डहाळी आणल्यावर पंधरा-वीस मिनिटं देठ पाण्यात बुडवून ठेवा, चीक निघून गेला की पुसून वापरा.

बैठक

चौरंग भिंतीपासून वीतभर पुढे मांडा, कारण शेवटच्या गाठी मागून मारायच्या असतात. चौरंगावर सरळ कलश ठेवला तर साडीला उतरायला उंचीच मिळत नाही आणि लक्ष्मी बसकी दिसते. म्हणून मधोमध सपाट झाकणाचा, १० सेंमी उंचीचा स्टीलचा डबा ठेवा. तो रिकामा नको. गच्च गहू भरा, कारण सगळा भार त्याच्यावर आहे. डब्यावर १८ सेंमीची काठाची ताटली आणि तिच्यात अर्धा किलो तांदूळ. ताटली याहून मोठी घेऊ नका, पुढे खणाचा घेर तिला पुरणार नाही.

तांदळाच्या मधोमध मुठीने खळगा करा आणि रिकामा कलश त्यात ठेवून डावी-उजवीकडे दोन-तीनदा फिरवत दाबा. खाली साधारण दोन सेंमी तांदूळ राहिला पाहिजे. आता बोटाने कलशाच्या काठाला हलकंच ढकलून पाहा. तो डुलला तर बाजूने तांदूळ दाबून भरा. इथे दोन मिनिटं जास्त घालवा. पूजा झाल्यावर देवी सरळ करायची सोय नाही, कारण आपल्या रीतीत उत्तरपूजेनंतर कलश जागेवरून हलवणं म्हणजेच विसर्जन. कलते आहे म्हणून मध्येच उचलायला कोणालाच बरं वाटत नाही. म्हणूनच बुधवारी रात्री पाणी न भरता सगळं एकदा लावून पाहणं शहाणपणाचं.

खण

पूर्ण साडी नको. सहावारीच्या घड्या १५ सेंमीच्या कलशाभोवती गुंडाळल्या की गळ्याशी गाठोडं होतं आणि नारळ वर ढकलला जातो. ८० सेंमी लांब, एक मीटर पन्ह्याचा, दोन्ही बाजूंनी काठ असलेला ब्लाउजपीस पुरतो. कापड पातळ असू द्या. जाड जरीच्या कापडाच्या निऱ्या गळ्याशी इतक्या फुगतात की नाडा घट्ट बसत नाही. हा खण पुढे ओटीत द्यायचा असतो, म्हणून कापायचा नाही, फक्त घडी घालायची.

पलंगावर खण पसरा. पन्ह्यात अर्धी घडी घाला, दोन्ही काठ एकमेकांवर येतील. आता उंची ५० सेंमी झाली. वरची घडी मागच्या बाजूला वळवून खाली काठापर्यंत आणा, उंची २५ सेंमी होईल. डबा १० सेंमी, तांदूळ २ आणि कलशाच्या तळापासून गळ्यापर्यंत १३, बेरीज २५. म्हणजे काठ बरोबर चौरंगाला टेकतो. तुमची बेरीज वेगळी आली तर वरची घडी तेवढी कमी-जास्त करा.

इस्त्री फिरवा आणि ८० सेंमीच्या लांबीत दोन-दोन सेंमीच्या निऱ्या घाला. एका निरीला चार सेंमी कापड लागतं, म्हणजे वीस निऱ्या पडतील. प्रत्येक निरी वरून टाचणीने धरत जा. सगळ्या पडल्या की वरच्या कडेपासून एक सेंमी खाली दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला आणि टाचण्या काढून टाका. दोरा ओढला की निऱ्या जवळ येतात, सोडला की पसरतात. गळ्याचा घेर २२ सेंमी आहे, तेव्हा एका निरीच्या वाट्याला सेंटीमीटरभर जागा येते. पुष्कळजण सेफ्टी पिनांवर भागवतात, पण पिनांनी निऱ्या गटागटाने बसतात आणि मध्ये फटी राहतात. धावदोऱ्याला पाच मिनिटं लागतात आणि तो नंतर ओढून काढला की खण जसाच्या तसा.

पाणी, मग कपडा, मग नारळ

क्रम असाच ठेवा. गुरुवारी सकाळी जागेवर बसवलेल्या कलशावर आधी हळदी-कुंकवाची बोटं किंवा स्वस्तिक काढून घ्या आणि ते वाळू द्या, नाहीतर खणाच्या आतून रंग फुटतो. मग पाणी. काठोकाठ भरायचं नाही, काठाच्या चार सेंमी खाली थांबा. नारळ दोन सेंमी आत उतरतो आणि पानांचे देठही जागा घेतात. पाणी जास्त झालं तर नारळ ठेवताच ते गळ्यावरून खाली येतं आणि पहिल्यांदा भिजतो तो खण. कमी भरलं तरी चूकच: खालचं पाणीच वरच्या नारळाला तोलून धरतं. पाण्यात सुपारी, नाणं, अक्षता, हळद-कुंकू, दूर्वा, एक फूल. मुलामा दिलेला दागिना आत टाकू नका.

निऱ्या गळ्याभोवती घ्या, उघडी बाजू मागे. दोरा ओढून गाठ मारा आणि त्यावरून लाल-पिवळ्या नाड्याचे दोन घट्ट वेढे. हा नाडा या सगळ्या मांडणीचा कणा आहे. बांधल्यावर निऱ्या धरून हलकं खाली ओढून बघा. नाडा सरकला तर सोडून पुन्हा बांधा. त्याची टोकं मागे वीत-वीतभर लोंबू द्या, ती लागणार आहेत. खाली निऱ्या पंख्यासारख्या पसरवून ताटलीवरून उतरवा.

आता डहाळी. पानं मागे आणि दोन्ही बाजूंना, समोर एखादंच, तेही खाली वळलेलं. समोर उभं पान आलं तर ते मुखवट्याची हनुवटी पुढे ढकलतं. त्यावर नारळ, रुंद बाजू समोर. दोन्ही तळव्यांनी वरून सरळ दाबा, फिरवू नका, पानांचे देठ मोडतात.

मुखवटा बसवताना एवढंच पाहा की त्याची हनुवटी कलशाच्या काठावर टेकते आहे. टेकली की वजन कलशावर उतरलं. हनुवटी हवेत असेल तर सगळा मुखवटा दोरीला लटकतो आणि नारळाला पुढे ओढतो. दुपारी झुकणाऱ्या देवीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. साडेदहा सेंमीच्या नारळाला ९-१० सेंमी उंचीचा मुखवटा ठीक. पितळी जड असेल तर हलका पत्र्याचा किंवा पातळ चांदीचा बरा. इतवारीच्या सराफ्यात मुखवटा घेताना कानाजवळ भोकं आहेत ना ते बघा. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे यासाठी काढायचे की नाही, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. बहुतेक घरांत ते काढत नाहीत, आणि कोठीच्या मापाचे असल्यामुळे या कलशाला ते मोठेही पडतात.

कानाच्या भोकांतून दोरा ओवून मागे नारळाला बांधा. मग दोऱ्याचं एक टोक शेंडीला वेढा देऊन मागून खाली आणा आणि नाड्याच्या लोंबत्या टोकाला बांधा. ही मागची उभी दोरीच नारळाला पुढे झुकू देत नाही. दोरी थोडी ताणलेली हवी. इतकी नको की देवी आढ्याकडे बघू लागेल. चार पावलं मागे जाऊन, खाली बसून नजर जुळते का ते पाहा. पूजेला बसणाऱ्याच्या डोळ्यांची उंची हीच खरी.

दागिने

गळ्यातलं सगळं गळ्यातच, म्हणजे नाड्याच्या वर, काठाच्या खाली. नारळाला किंवा मुखवट्याला अडकवायचं नाही. आधी ठुशी किंवा चिंचपेटीसारखं आखूड, ते हनुवटीखालची फट झाकतं. मग मंगळसूत्र. कपड्यासकट गळा २८ सेंमीच्या आसपास जातो, त्यामुळे ४५ सेंमीची साखळी निऱ्यांवर छान मध्यावर उतरते. त्याहून बराच लांब हार चौरंगाला टेकतो. तो दुहेरी करा. फासे मागे आणून नाड्यात अडकवा. बांगड्या दोऱ्यात ओवून दोन्ही खांद्यांशी नाड्याला बांधता येतात. बाजारात तयार हात मिळतात, ते दिसतात छान, पण पुढे पसरलेल्या हातांचं वजन नेमकं पुढेच ओढतं. पहिल्या वर्षी ते टाळा.

नथ मुखवट्याच्या नाकाला भोक नसेल तर मधमाशीच्या मेणाच्या मुगाएवढ्या गोळीवर बसते. पूर्वी कपाळावर कुंकू टिकवायला हेच मेण आधी लावत. गोंद किंवा चिकटपट्टी चांदीवर डाग पाडते. मोत्यांना अत्तर आणि ओलं कुंकू लागू देऊ नका.

पदरासाठी दुसरा पातळ खण किंवा ओढणी ८-१० सेंमी रुंदीच्या पट्टीत घाला. शेंडीवरून घेऊन दोन्ही टोकं कानांजवळून खाली आणा आणि छातीशी निऱ्यांना एक-एक पिन. पानं पदराच्या मागे राहू द्या, म्हणजे डोक्यामागे प्रभावळीसारखी दिसतात. मुकुट शेंडीवर, त्याला बेताचा गजरा. या दिवसांत शेवंती भरपूर असते आणि जड हार घालायचा मोह होतो. तो देवीच्या गळ्यात न घालता चौरंगाच्या कडेने सोडा, किंवा पाच-सहा फुलांची वेणी मुकुटाच्या मागे खोवा.

समई आणि निरांजन निऱ्यांपासून निदान हातभर दूर. पॉलिस्टरचा खण पेटला तर वितळून चिकटतो. कापूर ताम्हणात, आरती ओवाळताना घेर मोठा ठेवायचा असेल तर मागे सरकून. पंखा बंद. संत्री आणि बाकीची फळं पुढे वेगळ्या ताटात. डब्याला टेकवून रचली आणि एखादं घरंगळलं की निऱ्या ओढल्या जातात. शेवटच्या गुरुवारी हळदी-कुंकवाला बायका येतात, लहान मुलं असतात, तेव्हा चौरंग कोपऱ्यात घ्या.

दुपारी एकदा मागून हात घालून नाडा चाचपा. पानं मलूल दिसली तर वाटीने नारळ आणि काठामधल्या फटीतून दोन-तीन चमचे पाणी सोडता येतं, काहीही न हलवता. मुखवटा किंचित कलला असेल तर नारळाला हात न लावता मागची उभी दोरी ताणा.

उतरवताना

शुक्रवारी सकाळी उत्तरपूजा झाल्यावर आधी दागिने, आणि तेही चढवताना केलेल्या यादीवर खूण करत. बारीक मणी, मेणाला चिकटलेली नथ, निऱ्यांत अडकलेला फासा फुलांबरोबर निर्माल्यात जातात ते घाईत पानं आधी काढली म्हणून. मग पदर, मुखवटा, नारळ, डहाळी, शेवटी नाडा आणि खण. मुखवट्याचं मेण कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने निघतं. कलशातलं पाणी आंब्याच्या पानाने घरभर शिंपडून उरलेलं झाडाला घाला. तांदूळ हळदी-कुंकवाचे वरचे दाणे बाजूला काढून स्वयंपाकात घेता येतात. धावदोरा ओढून काढा, पण खणाच्या निऱ्यांवर लगेच इस्त्री फिरवू नका. पुढच्या गुरुवारी तोच नेसवायचा असेल तर त्या घड्या तशाच जपून, सुती कापडात ठेवा. दुसऱ्यांदा निऱ्या निम्म्या वेळात पडतात.